उपक्रमिकेची उपक्रमिका : अभिसरणाची एक कसोटी

दिवाळीच्या सुटीत आमचे जे माजी विद्यार्थी शाळेत येतात, त्यांतील काही आता विज्ञानशाखेच्या पदवीवर्गात शिकत आहेत. त्यांच्यापैकी एकाने यंदा आपली वही आमच्यापुढे ठेवली. एक क्रमिका अभिसारी आहे, हे सिद्ध करावयाचे होते. त्याने प्रथम ती परिबद्ध असल्याचे दाखविले. परिबद्ध क्रमिकेला अभिसारी उपक्रमिका असतेच, हे बोल्झानो व वायरस्ट्रास यांचे प्रमेय त्याने पुढे उद्धृत केले आणि शेवटी ‘म्हणून दिलेली क्रमिका अभिसारी आहे’ असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या. प्राध्यापकांनी त्या शेवटच्या ओळीवर लाल शाईने फुली मारली होती. फुली का, हे त्यास कळले होते. कारण 1, −1, 1, −1, … ही क्रमिका परिबद्ध आहे, तिची समस्थानी पदे −1 वर स्थिर आहेत, तरीही ती कोठेच अभिसृत होत नाही. परंतु त्याचा प्रश्न निराळा होता. उपक्रमिकांविषयी नेमके काय सिद्ध केले असता संपूर्ण क्रमिकेविषयी बोलण्याचा अधिकार प्राप्त होतो? त्या प्रश्नाचे उत्तर येथे थोडे सविस्तर देत आहोत.

आरंभी अभिसरणाची व्याख्या सोयीच्या शब्दांत मांडून घेऊ. L या संख्येच्या दोन्ही बाजूंस ε एवढे अंतर सोडून एक पट्टा आखला, अशी कल्पना करावी. aₙ ही क्रमिका L कडे अभिसृत होते, याचा अर्थ असा की, पट्टा कितीही अरुंद आखला तरी त्याच्या बाहेर राहणारी पदे मोजकीच, म्हणजे सांत संख्येची, असतात. उपक्रमिका म्हणजे मूळ क्रमिकेतून काही पदे गाळून, परंतु अनंत पदे राखून व त्यांचा क्रम न बिघडविता मिळालेली क्रमिका. उपक्रमिकेतून पुन्हा तशीच निवड केली असता जे हाती येते, तीही मूळ क्रमिकेची उपक्रमिकाच असते.

आता प्रमेय असे : aₙ ही क्रमिका L कडे अभिसृत होते, जर आणि तरच तिच्या प्रत्येक उपक्रमिकेतून L कडेच अभिसृत होणारी आणखी एक उपक्रमिका काढता येते.

एक बाजू सोपी आहे. मूळ क्रमिकेची मोजकीच पदे पट्ट्याबाहेर असतील, तर तिच्यातून निवडलेल्या कोणत्याही उपक्रमिकेचीही मोजकीच पदे बाहेर असणार. म्हणून प्रत्येक उपक्रमिका L कडे जाते आणि ‘आणखी एक’ म्हणून तीच घेता येते.

दुसरी बाजू अप्रत्यक्ष रीतीने सिद्ध होते, आणि प्रमेयाचा सारा जीव तीतच आहे. समजा, अट पाळली जाते, पण क्रमिका L कडे अभिसृत होत नाही. मग असा एक तरी पट्टा असला पाहिजे की, ज्याच्या बाहेर अनंत पदे राहतात. त्या पट्ट्याचा ε आता कायम धरू. ज्या पदांसाठी |aₙ − L| ≥ ε आहे, तेवढीच सर्व पदे त्यांच्या मूळ क्रमाने वेगळी काढू. ती अनंत असल्यामुळे त्यांची एक उपक्रमिका तयार होते. या उपक्रमिकेतील एकही पद पट्ट्यात नाही. मग तिच्यातून कशीही निवड केली, तरी निवडलेले प्रत्येक पद L पासून किमान ε एवढे दूरच राहणार. अर्थात तिच्यातून L कडे जाणारी उपक्रमिका निघणे अशक्य आहे, आणि हे अटीच्या विरुद्ध आहे. सिद्धता येथे पूर्ण झाली.

अटीत ‘प्रत्येक’ हा शब्द आहे, म्हणूनच आम्हांस वाईटात वाईट उपक्रमिका निवडता आली. सर्व चुकार पदे एका रांगेत उभी करून त्यांचीच परीक्षा घेता आली. विद्यार्थी विचारतात, ही दुहेरी निवड कशासाठी? ‘प्रत्येक उपक्रमिका L कडे जाते’ एवढेच का म्हणू नये? त्याचे उत्तर असे की, मूळ क्रमिका ही स्वतःची उपक्रमिका असतेच; तेव्हा ती अट मागणे म्हणजे जे सिद्ध करावयाचे तेच आधी मागणे होय. उलट ‘एखादी उपक्रमिका L कडे जाते’ ही अट फारच दुबळी, हे वहीतील फुलीने दाखविलेच आहे. कामाची अट या दोहोंच्या मधोमध आहे. आणखी एक सावधगिरी : L आधीच ठरलेला व सर्व उपक्रमिकांसाठी एकच हवा. 1, −1, 1, −1, … या क्रमिकेच्या प्रत्येक उपक्रमिकेतून अभिसारी उपक्रमिका निघतेच, परंतु कधी ती 1 कडे जाते, तर कधी −1 कडे.

बोल्झानो–वायरस्ट्रास प्रमेयाशी सांगड घातली असता या कसोटीचा खरा उपयोग दिसतो. क्रमिका परिबद्ध असेल, तर तिची प्रत्येक उपक्रमिकाही परिबद्ध असते. म्हणून तिच्यातून कोठेतरी जाणारी उपक्रमिका विनासायास मिळते. मग काम एवढेच उरते की, ते ‘कोठेतरी’ म्हणजे L च असू शकते, हे दाखवावे. येथे परिबद्धतेची अट सोडून चालत नाही. n सम असता aₙ = 1/n आणि विषम असता aₙ = n अशी क्रमिका घेतली, तर तिच्या ज्या ज्या उपक्रमिका अभिसारी आहेत त्या सर्व 0 कडेच जातात; तरीही क्रमिका अभिसारी नाही. विषम स्थानांवरील पदांतून एकही अभिसारी उपक्रमिका निघत नाही, हे त्याचे कारण.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. प्रत्येक n साठी पुढील समीकरणाची उकल xₙ मानू :

x = cos x + (1/n) sin nx

अशी उकल असते, कारण x = −2 असता डावी बाजू उजवीपेक्षा लहान असते व x = 2 असता मोठी असते; मध्ये कोठेतरी दोन्ही बाजू समान होणे भाग आहे. उजवी बाजू 1 + 1/n हून मोठी होत नाही, म्हणून |xₙ| कधीही 2 च्या पुढे जात नाही. क्रमिका परिबद्ध आहे.

परंतु xₙ साठी सूत्र मिळत नाही, आणि तिची चालही सरळ नाही. आकडेमोड केली असता x₁ सुमारे 1.259, x₅ सुमारे 0.698, x₇ सुमारे 0.653 असे उतरत जाते; मग x₈ सुमारे 0.684 आणि x₉ एकदम 0.786 होते. सतत घटणारी किंवा सतत वाढणारी क्रमिका असती, तर एकदिश क्रमिकेचे प्रमेय लावता आले असते. तो मार्ग येथे बंद आहे.

आता कसोटी लावू. कोणतीही एक उपक्रमिका घ्यावी. ती परिबद्ध आहे, म्हणून तिच्यातून c या कोणत्यातरी संख्येकडे जाणारी उपक्रमिका काढता येते. या निवडलेल्या पदांपुरते समीकरणाकडे पाहावे. डावी बाजू c कडे जाते. cos हे संतत फल असल्याने cos xₙ हे cos c कडे जाते. शेवटचे पद 1/n हून मोठे नाही, म्हणून ते 0 कडे जाते. तात्पर्य, c = cos c. परंतु x − cos x हे फल सतत वाढते असल्याने x = cos x या समीकरणाची उकल एकच आहे; ती सुमारे 0.739. म्हणजे c कोणत्या उपक्रमिकेतून आला, यास महत्त्व उरले नाही; तो प्रत्येक वेळी तोच निघतो. अट पूर्ण झाली, आणि म्हणून सबंध क्रमिका xₙ त्याच संख्येकडे अभिसृत होते. विद्यार्थ्याच्या वहीत नेमकी हीच पायरी राहून गेली होती : उपक्रमिका त्याने एकच घेतली, आणि तिच्या सीमेस दुसरी कोणतीही किंमत असू शकत नाही, हे दाखविले नाही.

या रीतीची उणीवही सांगितली पाहिजे. 0.739 च्या किती जवळ जाण्यास n किती मोठा हवा, याविषयी ती एक अक्षरही बोलत नाही. वरील उदाहरणात |xₙ − cos xₙ| ≤ 1/n या असमानतेवरून तो अंदाज स्वतंत्रपणे काढता येतो, आणि जेथे तसे जमते तेथे तसेच करावे, असे आमचे मत आहे. जेथे जमत नाही, तेथे ही कसोटी उपयोगी पडते.

शेवटी, कसोटी कोठे कोसळते तेही पाहण्यासारखे आहे. 0 पासून 1 पर्यंतचा रेषाखंड म्हणजे एक भिंत समजा, आणि तीवर विजेरीचा झोत टाकीत आहोत अशी कल्पना करा. पहिला झोत सबंध भिंतीवर पडतो. पुढचे दोन झोत क्रमाने तिच्या दोन अर्ध्या भागांवर, नंतरचे चार क्रमाने चार चतुर्थांशांवर, त्यानंतरचे आठ आठ भागांवर, असे चालू राहते. n वा झोत x या बिंदूवर पडला, तर fₙ(x) = 1, अन्यथा 0 मानू. प्रत्येक फेरीत प्रत्येक बिंदू एकदा तरी उजळतो व मोठ्या फेऱ्यांत बराच काळ अंधारातही राहतो. म्हणून कोणत्याही बिंदूवर fₙ(x) ही क्रमिका अभिसृत होत नाही.

परंतु या झोतांची कोणतीही उपक्रमिका घ्या. त्यांची लांबी 0 कडे जात असल्याने तिच्यातून असे झोत निवडता येतात की, त्यांच्या लांबी अनुक्रमे 1/2, 1/4, 1/8, … यांहून मोठ्या नाहीत. निवडलेल्या झोतांपैकी पहिले k सोडले, तर उरलेल्या सर्वांची एकत्रित लांबी 1/2ᵏ हून अधिक भरत नाही. जो बिंदू अनंत वेळा उजळतो, तो k कितीही मोठा घेतला तरी या उरलेल्या झोतांत सापडतो. म्हणून अशा बिंदूंचा संच कितीही अल्प लांबीत झाकता येतो. त्याची लांबी शून्य. इतर सर्व बिंदूंवर निवडलेली उपक्रमिका 0 कडे जाते. गणिती यास ‘जवळजवळ सर्वत्र’ अभिसरण म्हणतात.

म्हणजे प्रत्येक उपक्रमिकेतून जवळजवळ सर्वत्र 0 कडे जाणारी उपक्रमिका निघते, आणि तरीही मूळ क्रमिका एकाही बिंदूवर अभिसृत होत नाही. आमची सिद्धता येथे कोठे अडली? चुकार पदे रांगेत उभी करताना आम्ही एकच पट्टा कायम धरला होता. येथे प्रत्येक बिंदूचे चुकार झोत निरनिराळे आहेत. सर्व बिंदूंसाठी एकच रांग लावता येत नाही. एखाद्या x साठी त्याला उजळणारेच झोत वेगळे काढले, तर त्या उपक्रमिकेतून निवडलेली प्रत्येक उपक्रमिका त्या x वर 1 च राहते. परंतु तो एकटा बिंदू शून्य लांबीच्या अपवादात बसतो आणि अटीला बाध येत नाही. पट्ट्याच्या किंवा अंतराच्या कोणत्याही कल्पनेने ज्याची व्याख्या होते, अशा प्रत्येक अभिसरणास वरील सिद्धता लागू पडते. त्यावरून असे निष्पन्न होते की, फलांमधील अंतर मोजण्याची कोणतीही रीत योजली, तरी जवळजवळ सर्वत्र अभिसरण तिच्यात बसविता येणार नाही.