आलेखावरील उभ्या रेषेचा अर्थ

पीकपाण्याच्या अहवालातील आलेखांत प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर पुष्कळदा एक बारीक उभी रेषा असते. वाचक स्तंभाची उंची पाहतो आणि या रेषेकडे दुर्लक्ष करतो. वस्तुतः त्या उंचीवर किती भिस्त ठेवावी, हे ती रेषाच सांगत असते.

मुळशी तालुक्यातील कोळवण खोऱ्याचे उदाहरण घेऊ. तेथील प्रत्येक भातखाचर कापून मोजणे शक्य नाही; म्हणून चिठ्ठ्या टाकून काही खाचरे निवडावी लागतात. समजा, 25 खाचरांत कापणी केली आणि हेक्टरी सरासरी 24 क्विंटल आली. खाचराखाचरांतील फरकाचे माप, म्हणजे प्रमाण विचलन, 5 क्विंटल निघाले. या 5 ला 25 च्या वर्गमुळाने भागले की सरासरीची प्रमाण त्रुटी मिळते: 1 क्विंटल. तिच्या साधारण दुप्पट अंतर दोन्ही बाजूंना घेतले की 22 ते 26 हा 95 टक्क्यांचा विश्वास-अंतराल होतो.

आता गोम अशी की, उभी रेषा या तिन्हींपैकी कशाचीही असू शकते. 19 ते 29 अशी रेषा खाचरे परस्परांहून किती भिन्न आहेत हे दाखवते. खाचरे कितीही वाढवली तरी ती फारशी आखडत नाही. 23 ते 25 आणि 22 ते 26 या रेषा मात्र सरासरीच्या अनिश्चिततेच्या आहेत. 100 खाचरे घेतली, तर त्या निम्म्या होतील. रेषा कशाची आहे, हे आलेखाखाली लिहिले नसेल, तर तिच्यावरून काहीच ठरवता येत नाही.

‘95 टक्के’ याचा अर्थही नीट समजून घ्यावा. 95 टक्के खाचरांचे उत्पन्न 22 ते 26 च्या दरम्यान आहे, असा तो नव्हे. याच रीतीने पुनःपुन्हा नमुने घेऊन अंतराल काढत गेलो, तर शंभरांपैकी सुमारे 95 अंतराल खोऱ्याच्या खऱ्या सरासरीला कवेत घेतील, एवढेच ते आश्वासन आहे.

आणि तेही मोजणी निर्दोष असेल तरच. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी 1946 साली दाखवून दिले की, कापणीसाठी फार लहान तुकडा आखला तर उत्पन्न वाजवीपेक्षा अधिक भरते. तुकड्याच्या सीमेवरील ठोंब आत घेण्याकडे मोजणाऱ्याचा कल असतो आणि लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने सीमाच मोठी असते. असा दोष प्रत्येक खाचरात एकाच दिशेने शिरला, तर खाचरे वाढवून तो जात नाही. उलट रेषा आखडत जाते आणि चुकीचा आकडा अधिक खात्रीचा भासू लागतो. सुखात्म्यांनी मोठ्या तुकड्यांचा आग्रह धरला, तो याचसाठी.

तेव्हा आखूड रेषा दिसताच समाधान मानू नये. ती नमुन्याच्या योगायोगाचा हिशेब देते; तुकडा कसा आखला, खाचरे कोणी निवडली, याचा नाही. त्याची चौकशी वाचकाला स्वतंत्रपणेच करावी लागते.