तापलेल्या पाइपाला जागा

लोखंडी पाइपाचा एक मीटर लांबीचा तुकडा एका अंशाने तापला, तर तो ०.०१२ मिलिमीटर लांबतो. ही वाढ माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी आहे, म्हणून पाइप टाकताना ती सहज विसरली जाते. पण गरम पाण्याच्या लांब लाइनीत मीटर आणि अंश या दोघांचाही गुणाकार होतो. एखाद्या वसतिगृहाच्या गच्चीवर एका टोकाला सौर बंबाची टाकी आहे आणि तिथून दुसऱ्या टोकाच्या न्हाणीघरांपर्यंत ५० मिलिमीटरचा जी.आय. पाइप ४० मीटर सरळ गेला आहे, असे धरू. हिवाळ्यातल्या सकाळी २० अंशांना जोडलेल्या या पाइपात उन्हाळ्याच्या दुपारी ८० अंशांचे पाणी येते. तापमानातला फरक ६० अंशांचा, लांबी ४० मीटर; म्हणजे पाइप जवळजवळ २९ मिलिमीटर लांबतो. रात्री पाणी निवले की तेवढाच आखडतो. हे रोज चालते.

दोन्ही टोके भिंतीत पक्की असतील तर ही वाढ नाहीशी होत नाही, तिचे जोरात रूपांतर होते. या पाइपाच्या बाबतीत तो जोर सुमारे ९ टन भरतो. विशेष म्हणजे या आकड्यात पाइपाची लांबी कुठेच येत नाही. धातू कोणता, त्याच्या कापाचे क्षेत्रफळ किती आणि तापमान किती चढले, एवढ्यावरच जोर ठरतो. त्यामुळे दोन भिंतींमध्ये घट्ट अडकलेला चार मीटरचा तुकडाही तितक्याच जोराने रेटतो. लांब पाइप मात्र पूर्ण ९ टन साठेपर्यंत थांबत नाही. दर तीन मीटरवर आधार असला, तरी निम्म्याहून थोडा अधिक जोर येताच तो दोन आधारांच्या मध्ये कुशीला वाकू लागतो. दुपारी धनुष्यासारखी दिसणारी आणि पहाटे पुन्हा सरळ होणारी लाइन हेच सांगत असते. पाइप वाकला नाही, तर आटे असलेला एखादा जोड ढिला होतो, नाहीतर भिंतीतला क्लॅम्प उपटून निघतो.

वाढ थांबवता येत नसल्याने ती कुठे जावी, हे आधी ठरवावे लागते. लूप म्हणजे त्यासाठी मुद्दाम ठेवलेली जागा. सरळ लाइनीच्या मधोमध पाइप काटकोनात बाहेर काढायचा, थोडे अंतर आडवा न्यायचा आणि परत मूळ रेषेवर आणायचा. दोन्ही बाजूंचे पाइप लांबले की लूपचे पाय एकमेकांकडे झुकतात आणि वाढ त्या लवचिकतेत सामावते. पाय जितके लांब, तितके ते सहज झुकतात आणि कोपऱ्यांवर ताण कमी येतो. लोखंडी पाइपासाठी वापरात असलेल्या ठोकताळ्यात लूपची एकूण लांबी वाढीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात धरतात आणि तिचे पाच भाग करतात : दोन्ही पायांना दोन-दोन, मधल्या आडव्या तुकड्याला एक. वरच्या उदाहरणात लूपची लांबी सुमारे ३.१ मीटर येते. म्हणजे पाय सव्वा मीटरचे आणि तळ साधारण ६० सेंटीमीटरचा. जी.आय. पाइपाचे एल्बो आट्यांचे असतात आणि आटा हीच त्याची कमकुवत जागा असते. म्हणून पाय दीड मीटरचे ठेवणे शहाणपणाचे.

हा लूप गच्चीवर आडवा, जमिनीला समांतर टाकावा. जागा वाचवण्यासाठी तो उभा केला, तर वरच्या कोपऱ्यात हवा साठते. गच्चीवरच्या टाकीचा दाब मुळात एक-दोन मीटर उंचीचाच असतो. साठलेल्या हवेला पुढे ढकलण्याइतका तो पुरत नाही आणि शेवटच्या न्हाणीघरात गरम पाणी येईनासे होते. उभा लूप टाळता येतच नसेल, तर त्याच्या माथ्यावर हवा सोडणारा व्हॉल्व्ह लागतोच.

लूप टाकूनही गळती थांबत नाही, अशा ठिकाणी दोष बहुतेक वेळा आधारांत सापडतो. आधार दोन कामांचे असतात आणि त्यांची गल्लत करून चालत नाही. पहिला अँकर. तो पाइपाला जागेवर धरून ठेवतो आणि काँक्रीटमध्ये पक्का असतो. या लाइनीत दोन अँकर पुरतात, दोन्ही टोकांना एकेक. दुसरा गाईड. तो पाइपाचे वजन पेलतो, त्याला बाजूला जाऊ देत नाही, पण लांबीच्या दिशेने मोकळा सरकू देतो. अँकरपासून लूपपर्यंतचे सगळे आधार गाईडच हवेत. लूपच्या पायांना मात्र बाजूने अडवू नये, आणि कोपऱ्यांच्या अगदी जवळही गाईड नको. नाहीतर पाय झुकणार कसे? अशी मांडणी झाली, तर अँकरवर ९ टनांऐवजी काही शे किलोंचा जोर येतो.

प्रत्यक्षात पाइप थरथरू नये म्हणून प्रत्येक यू-क्लॅम्पचे नट आवळले जातात. आवळलेला प्रत्येक क्लॅम्प न मागितलेला अँकर होतो. लूपपासून पाच मीटरवर असा एक क्लॅम्प असेल, तर त्या बाजूच्या फक्त पाच मीटरांची वाढ लूपपर्यंत पोहोचते. उरलेले पंधरा मीटर क्लॅम्प आणि अँकर यांच्यामध्ये कोंडले जातात. उष्णतारोधक आवरणावरून क्लॅम्प बसवला, तर आवरण चिरडते आणि पाइपही अडतो. आवरणाबाहेर येईल अशी धातूची खोगीर पाइपाला लावून ती आधारावर सरकू देणे हा त्यावरचा नीट उपाय.

फाट्यांचाही विचार याच हिशेबात करावा लागतो. अँकरपासून १५ मीटरवर खालच्या मजल्याकडे उतरणारा फाटा असेल, तर त्याचा टी रोज जवळजवळ ११ मिलिमीटर सरकतो. तो फाटा लगेच स्लॅबमध्ये सिमेंटने बुजवलेला असेल, तर टी कधीतरी तडकणारच. फाटा आधी मीटर-दीड मीटर आडवा नेऊन मग खाली वळवावा, आणि स्लॅबमधून तो पाइपापेक्षा मोठ्या स्लीव्हमधून उतरवावा. शक्य तिथे फाटे अँकरजवळच काढावेत. तिथे पाइप जवळजवळ हलतच नाही.

हाच पाइप सीपीव्हीसीचा असता, तर वाढ पाचपटीहून जास्त, सुमारे १५६ मिलिमीटर झाली असती. प्लॅस्टिक मऊ असल्याने जोर कमी येतो, पण लाइन सापासारखी वळवळते. गरम पाण्यात तिला साधारण दर मीटरवर आधार लागतो. एवढी वाढ एका लूपवर न टाकता दोन-तीन लूपांत वाटून देणे बरे. तांबे यांच्या मध्ये येते. त्याची वाढ लोखंडाच्या जवळजवळ दीडपट.

जुन्या लाइनीत पाणी तापू लागताच ठरावीक जागी टकटक आवाज येत असेल, तर तिथे पाइप अडकून झटक्याने सुटत असतो. एकच जोड दुरुस्त करूनही पुन्हा पुन्हा गळणे, भिंतीतल्या भोकाभोवती गिलाव्याला तडे जाणे, पाइपाखालचे काँक्रीटचे ठोकळे तिरके होणे, या खुणाही तेच सांगतात. खात्री करायला रंगाची एक डबी पुरते. पहाटे पाइप गार असताना प्रत्येक गाईडच्या कडेला पाइपावर एक रेघ ओढायची आणि दुपारी ती किती सरकली ते मोजायचे. अँकरपासून लूपकडे जाताना हे अंतर एकसारखे वाढत गेले पाहिजे. ८० अंशांचे पाणी असताना लूपच्या तोंडाशी ते १४ मिलिमीटरच्या आसपास भरते. गार पाइप २० अंशांपेक्षा ऊबदार असेल, तर थोडे कमी. मध्येच एखाद्या आधारापाशी रेघ जागची हललीच नसेल, तर आधी त्या क्लॅम्पचे नट सैल करावेत.