गॅरेजमधला कॅमेरा : व्हिडिओचं नाव कसं लिहावं

समजा, ताडकळसच्या एखाद्या गॅरेजमध्ये मिस्त्रीने स्प्लेंडर प्लसचा कार्ब्युरेटर साफ करतानाचा व्हिडिओ काढला आणि वर नाव दिलं, ‘स्प्लेंडर स्टार्टिंग प्रॉब्लेम’. काम उत्तम झालं असलं, तरी या नावाने निम्म्या लोकांची फसगत होईल. एप्रिल २०२० पासून बीएस६ लागू झालं आणि स्प्लेंडर प्लसमध्ये कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. नव्या गाडीला पायलट जेटच नाही, मग ती उघडून साफ काय करणार? म्हणून मॉडेलच्या नावाला बीएस४ की बीएस६ हे जोडायलाच हवं.

त्यानंतर लक्षण लिहायचं, आणि ते गाडीवाल्याच्या तोंडी असतं तसंच. ‘पायलट जेट चोकअप’ हे निदान झालं. ते ज्याला आधीच कळलंय, तो कशाला शोधेल? तो म्हणतो, ‘सकाळी चोक ओढल्यावरच चालू होते, चोक सोडला की बंद पडते, रेस दिली तर चालते.’ या एका वाक्यात सगळा दोष आहे. पायलट जेटमध्ये कचरा अडकला की कमी रेसला पेट्रोल कमी पडतं. चोक हवा अडवून ती कसर भरून काढतो आणि रेस वाढली की मेन जेट काम सांभाळते. उलट ‘गाडी तापली की बंद पडते, थोड्या वेळाने चालू होते’ असं कुणी म्हणालं, तर संशय इग्निशन कॉइलकडेही जातो. दोन्ही तक्रारींना ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’ म्हटलं, की ‘सकाळी’ आणि ‘तापल्यावर’ हा मोलाचा धागा तुटतो.

यूट्यूबवर शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे, म्हणून मॉडेल आणि लक्षण तिथे, बाकीचं वर्णनात:

```
स्प्लेंडर प्लस BS4: चोक सोडला की बंद पडते

0:00 लक्षण, चोक लावून आणि सोडून
1:10 आधी प्लग तपासा
3:05 पायलट जेट काढणे, साफ करणे
6:40 आयडल सेटिंग
```

वेळा अशाच लिहायच्या. पहिली 0:00 हवी, किमान तीन हव्यात आणि प्रत्येक भाग दहा सेकंदांचा तरी हवा. नाहीतर व्हिडिओचे भाग पडत नाहीत. टॅगला फारसं वजन नाही, पण स्पेलिंगच्या चुका तिथे भागतात. मराठी रोमन लिपीत टाइप करणारे बरेच असल्याने `splendor chalu hot nahi` ही ओळ वर्णनातही असू द्यावी.

सर्व्हिसचा आकडा लिहिताना तो कुणाचा, हे सांगावं. पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने दोन्ही असतात, जे आधी येईल ते धरायचं. धुळीच्या शेतरस्त्यावर एअर फिल्टर लवकर पाहा, हा मिस्त्रीचा सल्ला खराच. पण तो वेगळ्या ओळीत, ‘आमचा अनुभव’ म्हणून. दोन्ही मिसळले, की कंपनीने न दिलेला आकडा कंपनीच्या नावावर फिरू लागतो.

वर्णनाच्या पहिल्या दोन ओळी सगळ्यात आधी वाचल्या जातात. तिथे हे लिहावं: ‘बीएस६ गाडीसाठी हा व्हिडिओ नाही. त्या गाडीत चावी फिरवल्यावर पेट्रोल पंपाचा बारीक आवाज येत नसेल, तर आधी बॅटरी आणि फ्यूज तपासून घ्या.’