शिबिराची वेळ बदलली, आता जेवण कधी?

मे महिन्यातला रविवार. सोसायटीच्या सभागृहात सकाळी 9 वाजता रक्तदान शिबिर ठरलेलं असतं. आदल्या दिवशी रक्तकेंद्राकडून फोन येतो: त्यांचं पथक सकाळी दुसरीकडे गुंतलं आहे, ते 4 वाजता येईल. संयोजक नोंदणी केलेल्या सगळ्यांना निरोप धाडतो, ‘वेळ बदलली आहे, सायंकाळी 4 ते 7.’ अनेक शिबिरांत निरोप इथेच संपतो. खरं तर वेळेसोबत दात्याचा दिवसभराचा खाण्यापिण्याचा हिशेबच बदलतो आणि तो सांगणं हे संयोजकाचंच काम आहे.

सकाळच्या शिबिराला माणूस पोहे किंवा उपमा खाऊन येतो आणि तेवढं पुरतं. त्याच माणसाने रविवार म्हणून सकाळी 10 ला भरपेट नाश्ता केला, दुपारचं जेवण टाळलं आणि साडेचारला खुर्चीवर बसला, तर पोट साडेसहा तास रिकामं असतं. त्यात मे महिन्याचा घाम. शरीरातलं पाणी आधीच कमी झालेलं असताना 350 मिलिलिटर रक्त गेलं की रक्तदाब पटकन उतरतो. दाता आधी जांभया देऊ लागतो, मग कपाळावर गार घाम येतो, ओठ पांढरे पडतात. परिचारिका या खुणा ओळखते आणि लगेच त्याचे पाय उंच करते. बहुतेक जण काही मिनिटांत सावरतात, पण ‘पुन्हा नको’ असं मनाशी ठरवून घरी जातात. म्हणून निरोपात स्पष्ट लिहावं: जेवण दीड-दोनच्या सुमारास, दिवसभर नेहमीपेक्षा जास्त पाणी आणि शिबिरात सुई टोचण्याआधी दोन ग्लास पाणी.

काय जेवावं हेही सांगायला हवं, कारण वार रविवारचा आहे. पोळी, भाजी, वरण-भात उत्तम. झणझणीत तर्रीचं मटण किंवा तुपात भिजलेल्या पुरणपोळ्या मात्र त्या दुपारी नकोत. तेल-तुपाचं जेवण झाल्यावर काही तास रक्तात चरबीचे सूक्ष्म कण तरंगत असतात. पिशवी भरताना काही कळत नाही. केंद्रात रक्ताचे घटक वेगळे केले की वरचा द्रव, म्हणजे प्लाझ्मा, पिवळसर पारदर्शक न दिसता दुधासारखा दिसतो. असा प्लाझ्मा बाजूला काढावा लागतो आणि कधी तपासण्यांतही अडथळा येतो. दाता निरोगी असतो, रक्तही त्याचंच असतं; घोटाळा फक्त जेवणाचा.

त्या दिवशी संकष्टी असेल तर वेळेचा बदल सगळ्यात जास्त उपवास करणाऱ्यांना भोवतो, कारण उपवास चंद्रोदयापर्यंत चालतो. नियमानुसार उपाशी किंवा उपवास करत असलेल्या व्यक्तीचं रक्त घेत नाहीत. अशा दात्यांना आदल्या दिवशीच विनंती करून पुढच्या शिबिरात बोलवावं. रात्रपाळी करून आलेल्यांना मात्र बदलाचा फायदा होतो: सकाळी 9 ला जे न झोपता आले असते, त्यांना आता दुपारी झोप काढून येता येतं. झोप न झालेल्या माणसाचं रक्त घेत नाहीतच.

घड्याळाशी ज्यांचा संबंध नाही अशा अटी जुन्याच राहतात. वय 18 ते 65. पहिल्यांदा देणाऱ्याचं वय 60 पेक्षा जास्त नको. वजन किमान 45 किलो. 450 मिलिलिटरची पिशवी भरायची तर 55 च्या वर. हिमोग्लोबिन किमान 12.5. काही शिबिरांत अजून मोरचुदाच्या निळ्या द्रावणात बोटाचा थेंब सोडतात: थेंब झपाट्याने तळाशी गेला तर ठीक, तरंगला किंवा वर आला तर दाता थांबतो. आदल्या दिवशी बीट, खजूर खाऊन हा थेंब बुडत नाही. हिमोग्लोबिन वाढायला आठवडे लागतात. वर्षभरात टॅटू काढलेला असेल तर थांबावं, मलेरिया बरा होऊन तीन महिने झालेले असावेत. चालू औषधं डॉक्टरांना सांगावीत, स्वतःहून बंद करू नयेत.

सायंकाळच्या शिबिराने केंद्राचीही धावपळ वाढते. प्लेटलेट मिळवायच्या तर रक्त घेतल्यापासून सहा-आठ तासांत ते वेगळं करावं लागतं, म्हणजे 7 ला भरलेली पिशवी मध्यरात्रीच्या आसपास यंत्रात गेली पाहिजे. म्हणून दात्यांना अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा वाटून द्याव्यात. सगळे साडेसहाला आले तर रांग लांबते.

रक्त दिल्यावर 15 मिनिटं बसावं, सरबत-बिस्किटं घ्यावीत, त्या संध्याकाळी व्यायामशाळा टाळावी. रात्री लांब पल्ल्याची गाडी चालवायची असेल त्यांनी रक्त देऊच नये. पुढच्या कामापर्यंत 24 तास मोकळे हवेत. पुढची तारीख पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 120 दिवसांनी येते: 10 मे रोजी रक्त दिलं, तर अनुक्रमे 8 ऑगस्ट आणि 7 सप्टेंबर. दात्याच्या कार्डावर संयोजकाने ती तारीख तिथेच लिहून द्यावी.