शिक्क्याखालची जन्मतारीख

आकाशकंदील बनवताना उरलेला लाल जिलेटीन कागद घरात असेल तर शोधून काढा. एका पांढऱ्या कागदावर निळ्या पेनाने तुमचं नाव लिहा आणि त्याच नावावर लाल स्केचपेनने मनसोक्त गिरगटा काढा. आता जिलेटीन डोळ्यांसमोर धरून कागदाकडे बघा. लाल गिरगटा जवळजवळ गायब! नाव मात्र जागच्या जागी, आणि काळंकुट्ट दिसतंय.

असं का होतं? पांढरा कागद सगळ्या रंगांचा उजेड परत पाठवतो. लाल शाई फक्त लाल उजेड परत पाठवते, हिरवा आणि निळा गिळून टाकते. लाल जिलेटीन तर लाल सोडून दुसऱ्या कुठल्या उजेडाला आत येऊच देत नाही. त्यामुळे त्यातून बघताना कोरा कागद आणि लाल शाई दोघांकडूनही तुमच्यापर्यंत सारखाच लाल उजेड येतो, आणि डोळ्यांना त्यांच्यातला फरक कळत नाही. निळी शाई लाल उजेड गिळते, म्हणून तेवढी अक्षरं अंधारी दिसतात.

हीच युक्ती जुनी कागदपत्रं वाचणाऱ्या संगणकाला फार उपयोगी पडते. समजा, एका आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आहे. हेडमास्तरांनी निळ्या शाईने सगळं हाताने लिहिलंय आणि वर गोल लाल शिक्का मारलाय. शिक्का पुष्कळदा मुद्दाम सहीवर थोडा चढवून मारतात, म्हणजे नंतर कोणी सहीत फेरफार केला तर लगेच लक्षात येतं. पण या दाखल्यावर शिक्क्याची कड नेमकी जन्मतारखेवरून गेली आहे. ‘११ जून’मधल्या पहिल्या १ ला तिचा एक तुकडा असा चिकटलाय, की तो ९ वाटावा. तुम्हाआम्हाला हे चटकन उमगतं, कारण एक रेघ लाल आहे आणि दुसरी निळी. हस्ताक्षर ओळखणारे बरेचसे प्रोग्रॅम मात्र आधी चित्रातला रंगच काढून टाकतात. चित्र करडं करतात, मग निव्वळ काळंपांढरं करतात, आणि मग अक्षरं शोधायला लागतात. घोटाळा त्या पहिल्याच पायरीवर होतो.

तो कसा, ते आकड्यांत बघू. स्कॅन केलेलं चित्र म्हणजे बारीक बारीक ठिपके, म्हणजेच पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलसाठी संगणक तीन आकडे लिहून ठेवतो: लाल किती, हिरवा किती, निळा किती. शून्य म्हणजे अंधार, २५५ म्हणजे भरपूर उजेड. आपल्या दाखल्याचा थोडा पिवळट कागद २४५, २४०, २२५ असा आहे असं धरू. शिक्का २१०, ५०, ६०. पेनाची शाई ४०, ६०, १४०.

चित्र करडं करताना या तिन्हींचं मिश्रण करतात. आपल्या डोळ्यांना हिरवा सर्वांत उजळ वाटतो, म्हणून हिरव्याला सुमारे ५९ टक्के वजन, लालला ३० आणि निळ्याला ११. करून बघा हिशेब: कागद येतो २४०, शिक्का ९९ आणि पेनाची शाई ६३. आता काळंपांढरं करायला मध्ये कुठेतरी रेषा आखायची. समजा १५० वर आखली, तर त्याखालचं सगळं काळं. शिक्काही काळा, अक्षरंही काळी! १ ला चिकटलेला तुकडा आता कोणाला वेगळा काढता यायचा नाही.

आता मिश्रण करायचंच नाही. तीन आकड्यांपैकी फक्त पहिला, लाल आकडा घ्या आणि बाकीचे दोन बाजूला ठेवा. कागद २४५, शिक्का २१०, शाई ४०. शिक्का कागदाच्या शेजारी जाऊन बसला आणि शाई एकटी खाली राहिली. १२० वर रेषा आखा, शिक्का पांढऱ्यात विरघळतो. आणि शिक्का अक्षरावर चढलाय तिथे काय होतं? तिथे दोन्ही शाया मिळून लाल उजेड गिळतात, म्हणून आकडा ४० पेक्षाही थोडा खाली, ३४ च्या आसपास येतो. म्हणजे अक्षर तुटत नाही. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. शिक्का खोडावा लागत नाही आणि अक्षर पुन्हा गिरवावं लागत नाही. शिक्का न दिसणारा उजेड तेवढा निवडायचा.

या एकेका रंगाच्या चित्राला चॅनेल म्हणतात. GIMP हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम संगणकावर असेल तर `Colors → Components → Decompose` मध्ये जाऊन RGB निवडा. तिन्ही चॅनेल वेगवेगळे समोर येतील. निळा चॅनेलही उघडून बघा. तिथे उलटा प्रकार दिसेल: शिक्का ठसठशीत काळा आणि अक्षरं फिकट. शिक्क्यावरचं शाळेचं नाव वाचायचं असेल तर हाच चॅनेल कामाचा. मूळ रंगीत स्कॅन मात्र जपून ठेवायचा, कारण दाखला कोणी दिला हे शिक्क्यावरूनच कळतं.

कधी कधी शिक्का जातो, पण त्याच्या कडेने एक मळकट झालर मागे उरते. बहुतेक वेळा दोष JPEG चा असतो. फाइल लहान करायला JPEG मध्ये उजेड-अंधाराची माहिती बारकाईने ठेवतात, पण रंगाची माहिती बऱ्याचदा चार पिक्सेलांमध्ये मिळून एकच. मग लाल रेघेच्या कडेला रंग पसरतो आणि लाल चॅनेलमध्ये तिथे करडे डाग पडतात. म्हणून असे कागद PNG किंवा TIFF मध्ये स्कॅन करावेत. आणि स्कॅनरनेच करडं चित्र काढलं असेल, तर युक्ती लावायला तीन आकडेच उरलेले नसतात. कागद पुन्हा रंगीत स्कॅन करायचा, दुसरा इलाज नाही.

चीनमधल्या जुन्या चित्रांवरचे आणि पत्रांवरचे लाल शिक्के आणखी अवघड. आपल्याकडच्या स्टॅम्प पॅडची शाई पातळ आणि पारदर्शक असते, तिच्याखालचं अक्षर दिसत राहतं. चिनी शिक्क्याची पारंपरिक शाई म्हणजे हिंगूळ नावाच्या लाल खनिजाची पूड, तेल आणि वनस्पतींचे धागे मळून केलेला लगदा. हिंगुळाचे कण उजेड आरपार जाऊ देत नाहीत. शिक्का काळ्या अक्षरावर दाट बसला असेल, तर लाल चॅनेलमध्ये शिक्का पांढरा होताना त्याखालचं अक्षरही झाकलेलंच राहतं, आणि रेघेत खिंडार दिसतं. म्हणून शिक्क्याच्या आतली अक्षरं बाहेरच्या अक्षरांशी ताडून बघायची. आतलीच तेवढी तुटकी निघाली तर तिथे संगणकाने लावलेला अर्थ धरायचा नाही. मूळ कागद माणसाने डोळ्यांनी वाचायचा.

आणि जांभळा शिक्का? आपल्याकडच्या कार्यालयांत तो खूप दिसतो. समजा त्याचे आकडे १३०, ७०, १६० आहेत. अक्षरं काळ्या पेनाची असतील, म्हणजे तिन्ही आकडे ४० च्या आसपास, तर निळा चॅनेल घ्या. शिक्का १६० आणि शाई ४० अशी चांगली फट मिळते. अक्षरं आपल्या दाखल्यासारखी निळी असतील, तर निळ्या चॅनेलमध्ये शिक्का १६० आणि शाई १४०, दोघांची गल्लत होणारच. तेव्हा लाल चॅनेलकडे परत यायचं. तिथे १३० आणि ४०, फट थोडी लहान, पण रेषा ८५ वर नीट बेतून आखली तर पुरते.