‘येतंय मला’ असं कोण ठरवतं?

न्युरेम्बर्गचं नरसाळं जर्मनीत म्हणीसारखं वापरतात. इथल्या हार्सड्योर्फर नावाच्या कवीने १६४७ साली ‘काव्याचं नरसाळं’ हे पुस्तक काढलं: सहा तासांत कविता करण्याची विद्या ओतून मिळेल, असा दावा! आज नरसाळ्याला सगळे हसतात. पण ओतलेलं आत गेलं की नाही, हे कोण पाहणार?

माझा जर्मन शिकतानाचा अनुभव सांगतो. ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’. त्यानंतर क्रियापद शेवटी जातं: ‘वाइल इश म्युडे बिन’, अगदी आपल्या ‘मी थकलो आहे’सारखं. मी मात्र इंग्रजीच्या वळणाने ‘वाइल इश बिन म्युडे’ लिहायचो आणि पेपर तपासून खुशाल पुढे जायचो. चूक टाळायला जो नियम लागतो, तोच ती दिसायलाही लागतो. नियम नसेल तर वाक्य बरोबरच वाटतं. स्वतःच्या आकलनावर अशी नजर ठेवण्याला मेटाकॉग्निशन म्हणतात.

क्रूगर आणि डनिंग यांनी १९९९ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. इंग्रजी व्याकरणाच्या चाचणीत तळाच्या चतुर्थांशातल्या विद्यार्थ्यांना सरासरी वाटत होतं की आपण शंभरातल्या ६७ जणांच्या पुढे आहोत. प्रत्यक्षात ते दहाएक जणांच्याच पुढे होते.

इथे जरा थांबू या, कारण हा आकडा वाटतो तितका सरळ नाही. समजा शंभर जणांनी परीक्षा दिली आणि प्रत्येकाने डोळे मिटून ‘मी ६५ जणांच्या पुढे’ असं लिहिलं. तळाचे पंचवीस जण सरासरी १२ जणांच्याच पुढे असणार, म्हणजे ते फुगलेले दिसतील. वरचे पंचवीस ८७ जणांच्या पुढे, म्हणजे ते विनयशील दिसतील. दोघांच्या मनात फरक काहीच नाही! म्हणून ‘कच्चे लोक गर्विष्ठ असतात’ हा समाजमाध्यमांवरचा निष्कर्ष मला पटत नाही. फुगवट्यातला बराच भाग निव्वळ गणिताचा असू शकतो.

सगळाच तसा नसावा. त्याच शोधनिबंधातल्या एका प्रयोगात काहींना तर्काचे प्रश्न सोडवण्याचं छोटं प्रशिक्षण दिलं. त्यानंतर तळाच्या गटाने आपल्या आधीच्या कामगिरीचा अंदाज स्वतःहून खाली आणला. थोडं कौशल्य आलं आणि जुन्या चुका दिसू लागल्या.

अभ्यासात हे वापरायचं तर धडा संपताच ‘समजलं का?’ असं स्वतःला विचारू नका. मजकूर ताजा असतो, उत्तर ‘हो’च येतं. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून दहा प्रश्न सोडवा. तपासण्याआधी प्रत्येक उत्तरापुढे खात्री लिहा: पक्कं, बहुतेक, अंदाजे. मग उत्तरपत्रिकेशी ताडा, स्वतःच्या मताशी नाही. ‘अंदाजे’ चुकलं तर हरकत नाही, ते पुन्हा वाचलं जाईलच. लाल शाई ‘पक्कं’ लिहून चुकलेल्या उत्तरांसाठी ठेवा. माझ्या वहीत तिथे ‘वाइल’ सलग तीन आठवडे होतं.