बॉन्डचे दीड लाख, पण खर्च किती?

नोटीस पिरियडचा विषय आज घ्यायचा ठरला होता. पण मागच्या भागावर सुपा एमआयडीसीतल्या एका तरुण तंत्रज्ञाचं पत्र आलं आणि त्यातली आकडेमोड इतकी बोलकी आहे, की हा संपूर्ण भाग तिलाच द्यायला हवा.

कंपनीने त्याला नव्या मशीनच्या ट्रेनिंगसाठी सहा आठवडे पुण्याला पाठवलं. परत आल्यावर दोन वर्षं नोकरी करायची, नाहीतर दीड लाख भरायचे, असा बॉन्ड. चौदा महिने झाले आणि त्याला दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली. एचआरचं म्हणणं एकच: पूर्ण दीड लाख भरा, मग रिलीव्हिंग लेटर.

मागच्या वेळी पाहिलेलं करार कायद्याचं कलम 74 इथे कामाला येतं. करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते. तिच्या आत जी वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते, आणि नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते मोजून दाखवावं लागतं. ट्रेनिंगचा खर्च तर बिलांवरून सहज मोजता येतो.

याचा उत्तम नमुना म्हणजे सिक्पा इंडिया कंपनीचा 2011 सालचा दिल्ली उच्च न्यायालयातला खटला. बॉन्ड तीन वर्षांचा, रक्कम दोन लाख. कर्मचारी दोन वर्षं काम करून गेला. कंपनीचा ट्रेनिंगवर झालेला खर्च निघाला 67,595 रुपये. तीनपैकी एक वर्ष शिल्लक होतं, म्हणून खर्चाचा एक तृतीयांश, म्हणजे 22,532 रुपये कंपनीला मंजूर झाले. दोन लाखांची मागणी तिथवर खाली आली.

हाच हिशेब सुप्याच्या पत्राला लावू. पहिलं पाऊल म्हणजे एचआरला ई-मेल करून खर्चाचा तपशील मागायचा: कोर्सची फी, प्रवास, राहणं-जेवण, प्रत्येकाचं बिल. या तरुणाच्या अंदाजाने हे साठ हजारांवर जात नाही. कंपनी त्यात ट्रेनिंगच्या काळातला तीस हजार पगारही धरते. पगाराचा मुद्दा वादाचा आहे. तो पूर्णवेळ वर्गात बसला असेल तर कंपनीच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. त्याच दिवसांत त्याच्याकडून उत्पादनाचं काम घेतलं असेल, तर तो कामाचा मोबदला झाला आणि खर्चात धरण्याचं कारण उरत नाही.

आता महिने. राजीनामा दिला तेव्हा चोवीसपैकी दहा महिने बाकी होते. पण दोन महिन्यांची नोटीस तो पूर्ण काम करून भरणार आहे, म्हणून मोजणी शेवटच्या कामाच्या दिवसापासून करायची. बाकी राहतात आठ महिने. साठ हजारांचे आठ भागिले चोवीस म्हणजे वीस हजार. पगार धरला तरी नव्वद हजारांचे तीस हजार होतात. बोलणी वीस ते तीस हजारांच्या मध्ये व्हायला हवीत. कंपनीला माणूस लगेच सोडायचा नसेल, तर नव्या मुलाला मशीन शिकवून देण्याच्या बदल्यात यातही सूट मागता येते. एकरकमी जमत नसेल, तर हप्ते मागावेत.

कंपनीकडे बाहेरचं एकही बिल नसेल आणि ‘ट्रेनिंग’ म्हणजे शॉपफ्लोअरवर सीनियरने दाखवलेलं रोजचं काम असेल, तर तिची बाजू फारच लंगडी पडते.

सरकारी बँकांत मात्र हा हिशेब जसाच्या तसा चालवू नये. विजया बँकेचा एक अधिकारी तीन वर्षं पूर्ण होण्याआधी 2009 मध्ये दुसऱ्या बँकेत गेला. जाताना त्याने निषेध नोंदवून दोन लाख भरले आणि ते परत मिळवण्यासाठी दाद मागितली. कर्नाटक उच्च न्यायालयात तो जिंकला, पण मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. सरकारी बँकेला जाहीर भरती करावी लागते, ती खर्चिक असते आणि मधूनच गेलेल्या माणसाची जागा भरायला पुन्हा तीच प्रक्रिया करावी लागते, हे न्यायालयाने ग्राह्य धरलं. त्या अधिकाऱ्याचं पद आणि पगार पाहता दोन लाख ही रक्कम अवाजवी नाही, असंही म्हटलं. म्हणजे भरतीचा खर्चही मोजला जाऊ शकतो, आणि पगाराच्या मानाने रक्कम केवढी आहे हेही बघितलं जातं.

रक्कम ठरली की पैसे देण्याआधी एक पानी तडजोडपत्र घ्यावं. त्यात चार गोष्टी हव्यात: ठरलेली रक्कम आणि हप्त्यांच्या तारखा, बॉन्डचा हिशेब संपला असं स्पष्ट वाक्य, रिलीव्हिंग आणि अनुभवपत्र देण्याची तारीख, आणि रुजू होताना कंपनीने सही केलेला कोरा चेक घेतला असेल तर तो परत मिळाल्याची नोंद. तो चेक कंपनीकडे राहिला तर सहा महिन्यांनी त्यावर दीड लाख लिहून तो बँकेत टाकला जाऊ शकतो, आणि मग चेक न वटल्याच्या खटल्यात हीच आकडेमोड कोर्टात सिद्ध करत बसावी लागते. पैसे खात्यातूनच पाठवावेत, रोख देऊ नयेत.

नोटीस पिरियड, आणि तो विकत घेण्याची भानगड, पुढच्या आठवड्यात.